कट्ट्यावर किती बाण?

पहाटे ५.३०

अकरावी विज्ञानाचे सरावाचे कागद दुपारच्या तासाला परत द्यायचे आहेत, म्हणून चहा ठेवला आणि गठ्ठा पुढ्यात ओढला. धडा चौथा, गतीचे नियम. कागदावर प्रश्न एकच आहे, पण त्याचे चार भाग आहेत.

धानाचा ४० किलोचा कट्टा ३० अंशांत लावलेल्या लाकडी फळीवरून दोराने ट्रॉलीत चढवायचा आहे. दोर फळीला समांतर आहे. कट्टा सरकत असताना घर्षणाचा गुणांक ०.४ धरायचा, आणि थांबलेला असताना जास्तीत जास्त ०.५. (अ) कट्टा एकसारख्या वेगाने वर ओढला जातो आहे. (आ) तोच कट्टा दोर हळूहळू सोडत एकसारख्या वेगाने खाली उतरवला जातो आहे. (इ) कट्टा मध्येच थांबवून धरला आहे. आधी दोरात १५० न्यूटन ताण आहे, मग २५० न्यूटन. (ई) वर ओढताना दोर तुटला, कट्टा अजून क्षणभर वर सरकतो आहे. प्रत्येक वेळी कट्ट्याचा फ्री बॉडी डायग्राम काढा.

पोंभुर्ण्यात सध्या धान कापून झालं आहे, पुंजणे उभे आहेत, काहींचं चुरणं चालू आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांनी या महिन्यात कट्टे उचललेत. गावात कट्टा पाठीवरूनच चढतो हे मला माहीत आहे, फळी आणि दोर मी प्रश्नासाठी घातले. आधी सागाचा लठ्ठा घेणार होतो, कारण आपल्या जिल्ह्यात लठ्ठ्यांनी भरलेले ट्रक लहान पोरही ओळखतं, आणि बल्लारशाच्या डेपोतला साग २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला हेही मुलांनी ऐकलेलं असतं. पण लठ्ठा गडगडतो. बल त्याच्या कोणत्या जागी लागतं यावर तो सरकेल की फिरेल हे ठरतं, आणि मग बाणाची दिशा बरोबर असून भागत नाही, बाण कुठे टेकवला तेही तपासावं लागतं. हा विषय पुढचा. कट्टा मात्र बसक्या अंगाचा असतो, फळीवर सपाट पडतो आणि सरकतो. त्याच्या जागी एक ठिपका काढून सगळे बाण त्या ठिपक्यातून काढले तरी काही बिघडत नाही.

६.००

तपासायला बसलो की पहिलं काम म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी घेऊन उत्तराची ओळ झाकणं. आकडा आधी दिसला की नजर आकृतीवरून घसरते. उत्तर बरोबर आहे म्हणजे बाणही बरोबर असणार असं मन परस्पर ठरवून टाकतं. दुसरं म्हणजे एका मुलाचे चारही भाग सलग तपासत नाही. आधी सगळ्यांचा (अ), मग सगळ्यांचा (आ). एकच आकृती पुन्हापुन्हा पाहिली की चुका कशा कळपाने फिरतात ते दिसतं.

(अ) मध्ये कट्ट्यावर चार बाण हवेत. कट्ट्याभोवती मनातल्या मनात एक बंद रेघ फिरवायची आणि त्या रेघेला बाहेरून कोण कोण शिवतं ते पाहायचं. फळी शिवते, दोर शिवतो. हवा शिवते, पण तिचं बल इथे सोडून दिलं आहे. न शिवता ओढणारी एकच, पृथ्वी. पृथ्वीचा बाण सरळ खाली, mg, म्हणजे ४० गुणिले ९.८, ३९२ न्यूटन. दोराचा बाण फळीलगत वर, T. फळीचं बल एकच असतं, पण सोयीसाठी आपण त्याचे दोन तुकडे करतो: फळीला काटकोनात बाहेर येणारा N आणि फळीलगत f, जो इथे खाली, कारण कट्टा फळीवरून वर सरकतो आहे. चार बाण झाले. पाचवा बाण दिसला की पेन्सिलीने त्याच्याशेजारी लिहितो, "हे बल कोण लावतंय?" चुकीची फुली मारत नाही. ज्याला लावणाऱ्याचं नाव सांगता येत नाही, तो बाण मूल स्वतःच खोडतं.

आज पाचवा बाण ज्यांच्या कागदावर आहे, त्यांतल्या बहुतेकांकडे पाचवाच नाही, सहावाही आहे. mg सरळ खाली, आणि त्याच्यासोबत mg sinθ फळीलगत खाली आणि mg cosθ फळीत घुसणारा, तिन्ही ठळक रेघेत. म्हणजे पृथ्वीने कट्टा दोनदा ओढला. या चुकीची खोच अशी की पट्टी उचलली तर खाली उत्तर अचूक असतं: ताण ३३१.८ न्यूटन. कारण समीकरण लिहिताना मूल ठळक mg विसरून जातं आणि घटकच वापरतं. आकृती एक सांगते, गणित दुसरंच करतं. मी घटक काढायला मना करत नाही, पण ते तुटक रेघेत हवेत आणि मूळ बाणावर आडवी नागमोडी खूण हवी, म्हणजे हा बाण आता दोन घटकांत मोडला, पुन्हा मोजायचा नाही.

६.४५

दुसरा कळप N चा. पाचसहा कागदांवर तो सरळ वर उभा आहे, अगदी mg च्या विरुद्ध, जणू कट्टा जमिनीवर ठेवलाय. आठवीनववीत टेबलावरच्या वस्तूची आकृती इतक्या वेळा काढलेली असते की N म्हणजे वर असं हाताला वळण पडतं.

ही चूक फक्त दिशेची म्हणून सोडू नये, तिचं पुढे काय होतं ते शेवटपर्यंत न्यायला हवं. समजा N खरंच सरळ वर आहे. मग कट्ट्यावर उभ्या दिशेत mg आणि N, आणि फळीलगत T आणि f. वेग बदलत नाही, म्हणजे सगळ्यांची बेरीज शून्य हवी. आडव्या दिशेत पाहिलं तर तिथे फक्त T आणि f यांचा वाटा आहे, म्हणून T आणि f सारखे. मग N बरोबर mg, ३९२ न्यूटन, घर्षण त्याच्या ०.४ पट, आणि ताण निघतो १५६.८ न्यूटन. हा आकडा सपाट जमिनीवर कट्टा ओढण्याचा आहे. फळी अख्खी गायब झाली. शिवाय नुसता कट्टा उतारावर धरून ठेवायला, घर्षण नसतं तर, ३९२ च्या निम्मं म्हणजे १९६ न्यूटन लागलं असतं, आणि इथे घर्षणाविरुद्ध वर ओढायला त्याहूनही कमी पुरतंय. आकृती खोटी आहे हे तिच्याच उत्तरावरून कळतं.

एका मुलीच्या कागदावर याच चुकीचं वेगळं रूप आहे: N बरोबर तिरका, पण लांबी mg एवढीच. लांबीचे गुण मी कापत नाही, आकृती मोजपट्टीने काढायला सांगितलेली नाही. तरी क्रम बरोबर असावा. या भागात mg ३९२, N ३३९.५, T ३३१.८ आणि f १३५.८, म्हणजे mg सर्वांत लांब आणि f सर्वांत आखूड दिसायला हवा. तिच्या कागदावर लिहिलं, "फळी उभी करत नेली तर N चं काय होईल?" ती हुशार आहे, एवढं पुरेल.

८.१५

आंघोळ, नाश्ता, आणि पुन्हा गठ्ठा. (आ) मध्ये सगळ्यांत जास्त लाल रेघा पडल्या.

कट्टा खाली उतरतो आहे. दोर वर ओढतोय, नाहीतर कट्टा घसरत गेला असता. घर्षण सरकण्याच्या विरुद्ध, म्हणजे तेही वर. आता १९६ न्यूटन उतरंडीला तोलायला दोर आणि घर्षण दोघं आहेत, घर्षण १३५.८ देतं, दोराला उरतात फक्त ६०.२. पण अर्ध्याहून जास्त वर्गाने घर्षणाचा बाण खालीच ठेवला आहे. विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: घर्षण लावलेल्या बलाच्या विरुद्ध असतं. हे वाक्य कुठल्याशा गाइडात किंवा कुठल्याशा वर्गात त्यांच्या डोक्यात बसलं आहे, आणि सपाट जमिनीवरच्या गणितात ते चालूनही जातं, कारण तिथे ढकलायची दिशा आणि सरकायची दिशा एकच असते. उतारावर कट्टा उतरवताना या दोन दिशा विरुद्ध होतात आणि वाक्य उघडं पडतं. घर्षणाला दोर दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त फळी आणि कट्टा एकमेकांवरून कुणीकडे घासतायत ते.

चुकीच्या बाणाने निघालेलं उत्तर पुन्हा ३३१.८ न्यूटन. म्हणजे कट्टा चढवायला जेवढा जोर, उतरवायलाही तेवढाच. ज्या मुलांनी आयुष्यात कधी जड वस्तू उताराने खाली सोडली आहे, त्यांच्या हातांना हे पटणार नाही. दुपारी हात आणि कागद समोरासमोर आणायचे ठरवलं.

१०.४०

स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी माझे रंगवलेले कागद चाळले. "उत्तर बरोबर आहे, सर, मग गुण कशाला कापले? सीईटीत आकृती कोण बघतं?"

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एमएचटी-सीईटीत चार पर्याय असतात आणि आकृतीला जागाच नसते. आमची मुलं देवाड्याहून, घोसरीहून, चिंतलधाब्याहून एसटीने येतात, त्यांच्या घरच्यांनी शेती सांभाळून शिकवायचं ठरवलंय, आणि त्यांचे गुण जाणं मला हलकं वाटत नाही. मी सरांना (इ) दाखवला.

(इ) मध्ये सूत्र चालतच नाही. कट्टा थांबलेला आहे. दोरात १५० न्यूटन आहेत, उतरंड १९६ ची, उरलेले ४६ घर्षणाने द्यायचे, म्हणजे घर्षण वर. दोरात २५० केले की दोरच ५४ ने जास्त झाला, आता घर्षण खाली. ताण बरोबर १९६ असता तर घर्षण शून्य, बाणच नाही. थांबलेल्या वस्तूवरचं घर्षण आधीपासून ठरलेलं नसतं. बाकीचे बाण काढल्यावर जे कमी पडतं किंवा जास्त होतं तेवढंच ते असतं, फक्त एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा इथे ०.५ गुणिले ३३९.५, म्हणजे साधारण १७० न्यूटन. म्हणून दोरात २६ पासून ३६६ न्यूटनपर्यंत काहीही ताण असला तरी कट्टा जागचा हलत नाही.

वर्गातल्या कितीतरी मुलांनी दोन्ही वेळा घर्षण १६९.७ लिहिलंय. गुणांक गुणिले N हे पाठ आहे, ते लावलं. त्यांच्या आकृतीत १५० च्या वेळी बाण वर आहे, दिशा बरोबर, आणि तरीही बेरीज जुळत नाही: वर १५० अधिक १६९.७, खाली १९६. या हिशेबाने धरून ठेवलेला कट्टा आपण होऊन फळी चढायला लागेल. मी सरांना म्हटलं, "पर्यायांत ४६ आणि १६९.७ दोन्ही असतात. कुठला निवडायचा हे आकृतीशिवाय कळत नाही." त्यांनी (इ) चे कागद पुन्हा एकदा पाहिले आणि एक विचारलं जे मला आवडलं: मूल T पासून सुरुवात करतं की f पासून? पाहिलं तर खरंच, ज्यांनी घर्षण सर्वांत शेवटी काढलं होतं त्यांचंच उत्तर बरोबर होतं. पुढच्या वर्षी क्रमच असा सांगेन: आधी पृथ्वी, मग दोर, मग N, घर्षण शेवटी.

१२.१०

तास. जादा तास संध्याकाळी घ्यावा असं फार वाटतं, पण जंगलातून जाणाऱ्या रस्त्याची मुलं अंधारापूर्वी घरी पोहोचली पाहिजेत; वाघाच्या बातम्या इथे वर्षभर असतात. म्हणून जे करायचं ते या तासातच.

कागद वाटण्याआधी प्रयोगशाळेतून फळी, दहा न्यूटनचा स्प्रिंगचा काटा आणि गोणपाटाची शिवलेली छोटी पिशवी आणली होती. पिशवीत तोलून एक किलो धान. फळी १२० सेंटिमीटरची, तिचं एक टोक ६० सेंटिमीटर उंच करून ठेवलं की ३० अंश आपोआप होतात, कोनमापक लागत नाही.

सुरुवातीला फळी दोन विटांवर आडवी टाकली आणि एका मुलाला तिच्या मधोमध हाताने दाबायला सांगितलं. फळी लवली, हाताला परत ढकलू लागली. मग पिशवी ठेवली. वाकून पाहणाऱ्यांना थोडंसं लवणं दिसलं. N न काढणारी दोन मुलं होती, त्यांचं म्हणणं "फळी मेलेली आहे सर, ती काय बल लावन?" अमेरिकेतले शिक्षक जिम मिन्स्ट्रेल यांनी १९८२ साली टेबलावरच्या पुस्तकाबद्दल आपल्या वर्गातली अशीच चर्चा लिहून ठेवली आहे. टेबल लवतं हे मुलांना पटावं म्हणून त्यांनी टेबलावर आरसा ठेवून उजेडाची तिरीप भिंतीवर पाडली होती. टेबलावर कुणी चढलं की भिंतीवरचा ठिपका सरके. आमच्या फळीला आरसा लागला नाही, ती पातळ आहे.

मग फळी तिरकी केली. एका मुलीने काट्याने पिशवी हळूहळू, एका गतीने वर ओढली. काटा ७.६ च्या आसपास राहिला. "आता उतरव." वर्गाला आधी विचारलं, किती दाखवेल? कागदावर ज्यांनी दोन्हींना सारखं उत्तर दिलं होतं, त्यांतल्या एकानेही आत्ता तसं म्हटलं नाही. "कमी लागन सर, ते त स्वतःच उतरते." काटा २.२ वर आला.

"मग तुझ्या कागदावर सारखं का?"

तो कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बाण पलटला पाहिजे होता ना, सर."

इथे एक गोष्ट फळ्यावर करून दाखवली, कारण ती मला स्वतःला फार सुंदर वाटते. वर ओढताना काटा दाखवतो उतरंड अधिक घर्षण. उतरवताना उतरंड वजा घर्षण. दोन्ही वाचनं मिळवून निम्मी केली की घर्षण निघून जातं: ७.६ अधिक २.२, ९.८, निम्मे ४.९. एक किलोच्या ९.८ न्यूटनचं बरोबर निम्मं, ३० अंशांसाठी जे हवं तेच. वजा करून निम्मं केलं की घर्षण हाती येतं, २.७, त्याला N च्या ८.५ ने भागलं की गुणांक साधारण ०.३२. माझ्या कागदावर ०.४ होता, या फळीचा कमी निघाला, आणि तो तसाच असायला हरकत नाही. फळी बदलली की तो बदलेल. ४.९ मात्र बदलणार नाही, जोवर उतार आणि धान तेच आहेत. घर्षणाचा बाण दोन्ही वेळा एकाच बाजूला असता तर दोन्ही वाचनं सारखीच आली असती आणि हा हिशेब बसलाच नसता.

१.००

(ई) साठी वेळ थोडा उरला. दोर तुटला, कट्टा अजून वर सरकतो आहे. इथे तीनच बाण: mg, N, आणि फळीलगत खाली घर्षण. वर काहीच नाही.

वर्गातल्या मोठ्या भागाने वर एक बाण काढलाय. कुणी त्याला "गतीचं बल" म्हटलं, कुणी नुसतं F. एका मुलाने T तसाच ठेवला आणि शेजारी "उरलेला" असं लिहिलं. ही चूक पोंभुर्ण्याची नाही आणि अकरावीची तर नाहीच. जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली अमेरिकेत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्यावरची बलं दाखवायला सांगितली होती. बहुतेकांनी हाताचं बल नाणं हातातून सुटल्यावरही वर दाखवलं. वस्तू ज्या दिशेने जाते त्या दिशेला बल असलंच पाहिजे ही समजूत अनुभवातून येते. घर्षणाच्या जगात ढकलणं थांबलं की वस्तू थांबतेच.

म्हणून इथे "चूक" असं म्हणून पुढे गेलो तर काहीच हलत नाही. त्या मुलाला उभं केलं. "उरलेला T कोण लावतंय?"

"दोर."

"दोर कट्ट्याला शिवतोय का?"

"नाही, तुटला."

"मग?"

बराच वेळ गेला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, कट्टा वर जाऊन राहिला म्हणजे वेग आहे, बल नाही." मी तिला तेच पुन्हा सगळ्यांकडे तोंड करून सांगायला लावलं, आणि वेगासाठी कट्ट्याच्या बाहेर, बाजूला, वेगळ्या रंगाचा बाण काढायला परवानगी दिली. ही सवलत मी मुद्दाम देतो. वेगाला कागदावर कुठेच जागा दिली नाही की तो बलाच्या वेषात आकृतीत शिरतो.

मग तीन बाणांची बेरीज: फळीलगत खाली १९६ आणि १३५.८, विरुद्ध काहीच नाही. ३३१.८ न्यूटन, भागिले ४०, म्हणजे सुमारे ८.३ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. कट्टा वर जातोय आणि त्याचं त्वरण खाली आहे, म्हणून तो मंदावतो. वर F काढणाऱ्यांना विचारलं की तुमचा F किती? कुणाकडेच आकडा नव्हता. जो बाण बेरजेत कधी वापरला जात नाही, तो काढलाच का, हा प्रश्न मुलांनी मग एकमेकांना विचारला.

थांबल्यावर कट्टा तिथेच राहील का, असं एकाने विचारलं. उतरंड १९६, स्थिर घर्षण जास्तीत जास्त १७०. नाही राहणार. खाली येईल, आणि येताना घर्षण उलटून वर होईल. त्याने लगेच पाचवी आकृती काढली, न सांगता, आणि तिच्यात बाण बरोबर तीनच होते.

३.३०

दुरुस्त केलेले कागद परत आले, फक्त आकृत्या, आकडे नकोत असं सांगितलं होतं. हे तपासायला कमी वेळ लागतो आणि कळतं मात्र जास्त. प्रत्येक बाणाशेजारी आता दोन नावं लिहायची आहेत: कोणाचं, कोणावर. "फळीचं कट्ट्यावर." "पृथ्वीचं कट्ट्यावर."

या नावांनी एक नवीन चूक उघडी केली, जी सकाळी दिसली नव्हती. दोन मुलांच्या कागदावर एक बाण "कट्ट्याचं फळीवर" असा आहे, फळीत घुसणारा. बल खरं आहे, नावही बरोबर आहे, फक्त ते या आकृतीचं नाही. सकाळी तोच बाण मी mg cosθ समजून तुटक रेघ सुचवून सोडून दिला होता. आता कळलं की मुलाच्या डोक्यात वेगळंच होतं. दोन्ही बाण कागदावर अगदी सारखे दिसतात, लांबीही सारखी, ३३९.५. वेगळं काय आहे ते नावावाचून सांगता येत नाही. त्या दोघांना तोंडीच सांगितलं: जो बाण कट्ट्यावर संपतो तोच कट्ट्याच्या आकृतीत.

घर्षण (आ) मध्ये बहुतेकांचं वर गेलंय. (इ) मध्ये अजून चारपाच जण १७० ला धरून आहेत. (ई) मधला वरचा बाण बऱ्याच कागदांवरून गेला, पण गेला म्हणजे समजला असं मी धरत नाही. दोन आठवड्यांनी हवेत फेकलेला चेंडू दिला की तो परत येतो हे मला अनुभवाने माहीत आहे. चेंडूचा प्रश्न त्या तारखेला लिहून ठेवला.

रात्री ८.३०

उद्यासाठी नवीन प्रश्न बनवला. तोच ३० अंशांचा उतार, पण कट्टे दोन, एकावर एक, प्रत्येकी ४० किलो. दोर खालच्या कट्ट्याला बांधलेला. दोघं मिळून एकसारख्या वेगाने वर जातात. फळीशी घर्षणगुणांक ०.४ तोच. दोन गोणपाटांमधला गुणांक आधी ०.५ लिहिला होता, मग खोडला: तेवढ्याने वरचा कट्टा टिकत नाही, मागे घसरतो. ३० अंशांवर टिकायला किमान ०.५८ लागतो, म्हणून ०.७ केला.

वरच्या कट्ट्याची आकृती आधी विचारलीय. त्याला दोर शिवत नाही, फळी शिवत नाही. खालचा कट्टा शिवतो आणि पृथ्वी ओढते. उतरंडीचे १९६ न्यूटन तोलायला खालच्या कट्ट्याचं घर्षणच आहे, म्हणून ते फळीलगत वर, कट्टा ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला. "घर्षण गतीच्या विरुद्ध" असं आज नव्याने पाठ करणाऱ्यांचा बाण इथे खाली जाईल, आणि तो चुकेल, कारण विरुद्ध असतं ते एकमेकांवरून घसरण्याच्या, जाण्याच्या नाही.

मग खालचा कट्टा. त्याच्यावर सहा बाण: पृथ्वीचा ३९२, फळीचा N, आता दुप्पट, ६७९, फळीचं घर्षण २७१.६ खाली, दोर, आणि वरच्या कट्ट्याची दोन, फळीत दाबणारं ३३९.५ आणि फळीलगत खाली १९६. ताण येतो ६६३.६, पहिल्या प्रश्नाच्या बरोबर दुप्पट, मुलांना ताडून पाहायला सोपं. मला भीती आहे ती एका ठरावीक बाणाची: वरच्या कट्ट्याचं वजन, सरळ खाली, खालच्या कट्ट्यावर. गणिताला त्याने काहीच धक्का लागत नाही, कारण त्या दोन बाणांची बेरीज नेमकी तेवढीच, सरळ खाली, ३९२ येते. वेग एकसारखा नसून वाढत असता तर आली नसती. म्हणून शेवटी एक ओळ वाढवली: आता दोर जोरात ओढल्याने दोन्ही कट्टे अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर जात आहेत, वरचा कट्टा खालच्यावर फळीलगत किती बल लावतो? १९६ अधिक २०, २१६ न्यूटन. ज्याने तिथे वजन काढलं असेल, त्याला १९६ च मिळेल.